छायाचित्रातील श्वान : तणावात की निवांत?

आजारी जनावराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवून सल्ला मागण्याची पद्धत आता खेडोपाडी रुळली आहे. गाईच्या सडावरील सूज किंवा शेळीच्या तोंडातील फोड अशा छायाचित्रात बऱ्यापैकी ओळखता येतात. गोठ्याची, कळपाची अथवा वस्तीची राखण करणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र मात्र वेगळ्या कारणाने येते. कुत्रा अलीकडे चिडका झाला आहे का, नव्या ठिकाणी तो रुळला आहे का, घरातील लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ द्यावे का, असे प्रश्न त्यासोबत असतात. येथे पाहणाऱ्याला जखम शोधायची नसते, तर जनावराची मनःस्थिती ओळखायची असते. तिचा अंदाज चुकला तर त्याची किंमत बहुधा चावा घेतल्या गेलेल्या मुलाला मोजावी लागते.

या वाचनात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे एकाच अवयवावरून निष्कर्ष काढणे. शेपूट वर असेल तर कुत्रा आनंदी, खाली असेल तर घाबरलेला आणि तोंड उघडे असेल तर हसरा, अशी ठोकताळ्यांची सवय मनात पक्की बसलेली असते. प्रत्यक्षात शेपटी, कान, डोळे व तोंड यांपैकी कोणत्याही एका खुणेला स्वतंत्र अर्थ क्वचितच असतो. त्या विशिष्ट कुत्र्याची नेहमीची ठेवण कशी आहे, शरीराचा भार कोणत्या बाजूला झुकला आहे आणि आसपास काय घडत आहे, या तिन्हींच्या संदर्भातच त्या खुणा बोलू लागतात.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मनुष्य व प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात कुत्र्यांची काही रेखाचित्रे आहेत. एका चित्रातील कुत्रा परक्या कुत्र्यावर चालून जात आहे. त्याचे पाय ताठ, शेपूट उंच, मानेवरील केस उभे आणि कान पुढे वळलेले आहेत. दुसऱ्या चित्रातील कुत्रा मालकासमोर लीन व प्रेमळ भावात आहे. त्याचे शरीर खाली झुकून लवचिक झाले आहे आणि कान मागे गेलेले आहेत. ही जोडी आजही शिकविण्याजोगी आहे, कारण मागे गेलेले कान हे भीतीचेच लक्षण असते हा समज ती मोडून काढते. कान मायेनेही मागे जातात आणि धास्तीनेही. त्यांतला फरक उरलेल्या शरीरात दिसतो. मायेत अंग सैल पडते व वळणे घेते, तर धास्तीत ते आखडते.

आधी नेहमीची ठेवण

आपल्याकडील कुत्र्यांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण जातींच्या ठेवणीत मोठा फरक आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदविलेल्या श्वानजातींमध्ये कर्नाटकातील मुधोळ, तसेच तामिळनाडूतील राजपालयम व चिप्पीपराई यांचा समावेश आहे. दक्षिण महाराष्ट्रात कारवानी या नावाने ओळखला जाणारा शिकारी कुत्रा मुधोळच्याच परंपरेतला आहे. मुधोळ उंच, सडपातळ असतो. त्याचे पोट आत ओढलेले दिसते, कान लोंबते असतात आणि लांब, निमुळती शेपटी विसाव्यातही खालीच झुकलेली असते. ज्याने हा कुत्रा फारसा पाहिलेला नाही, त्याला केवळ अंगकाठीमुळे तो भ्यालेला किंवा उपाशी वाटू शकतो.

गावठी कुत्र्याचे नेमके उलट असते. त्याचे कान उभे व शेपटी पाठीवर वळलेली असते, म्हणून तो सदैव सज्ज, क्वचित मग्रूर वाटतो. अशा कुत्र्याची शेपटी वर असण्याला फारसा अर्थ नाही, पण नेहमी वळलेली शेपटी सरळ होऊन खाली आलेली दिसली तर तो मोठा बदल मानावा. मुधोळच्या बाबतीत शेपटी खाली असणे नित्याचे आहे. ती मागील पायांमध्ये घट्ट शिरून पोटाला चिकटली असेल तरच तिची दखल घ्यावी. कान लोंबते असतील तर त्यांच्या टोकाकडे न पाहता मुळाकडे पाहावे. कानाचे मूळ डोक्यालगत मागे ओढले गेले आहे का, हे तिथेच कळते.

हिमाचल प्रदेशातील मेंढपाळांच्या गद्दी कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. त्यांच्या दाट केसांमुळे मानेवरील ताण दिसत नाही, आणि बिबट्यापासून बचावासाठी गळ्यात घातलेला लोखंडी काट्यांचा पट्टा उरलासुरला भाग झाकतो. काही भागांत राखणदार कुत्र्यांचे कान किंवा शेपटी कापण्याची प्रथा आहे. तिची इतर अनिष्ट बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी त्यामुळे त्या कुत्र्याची निम्मी भाषाच कापली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अशा कुत्र्याबद्दल छायाचित्रावरून मत देताना अधिक सावध राहणे भाग आहे.

म्हणून अनुभवी पशुवैद्यक एका छायाचित्रावर समाधान मानत नाहीत. तोच कुत्रा घरच्या माणसांत, कोणी त्रास देत नसताना, सावलीत पडलेला असतानाचे दुसरे छायाचित्र ते मागवितात. हे दुसरे चित्र म्हणजे मोजपट्टी. तिच्याशी तुलना केल्यावरच पहिल्या चित्रातील वेगळेपण उठून दिसते.

एका छायाचित्राचे वाचन

समजा, एका पशुपालकाकडून विस्तार कार्यकर्त्याला पुढील छायाचित्र आले. गोठ्याच्या भिंतीलगत मुधोळ जातीचा, साखळीने बांधलेला कुत्रा उभा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने त्याच्या मानेभोवती हात टाकून आपला गाल त्याच्या डोक्याला लावला आहे. मूल कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहे. सोबत मजकूर आहे : ‘फार मायाळू आहे, मुलांना काही करत नाही. पण परवा शेजाऱ्याच्या मुलावर गुरगुरला. असे का झाले असावे?’

पाहणाऱ्याची नजर प्रथम मुलाच्या हसण्याकडे जाते आणि त्या हसण्याचा रंग कुत्र्याच्या चेहऱ्यावर चढतो. हे टाळण्याचा एक साधा उपाय आहे. मुलाचा भाग अंगठ्याने झाकावा आणि कुत्र्याला पायांपासून वर वाचत जावे. पायांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. चेहऱ्यावरील खुणा क्षणात बदलतात, पण शरीराचा भार कुठे आहे हे तुलनेने स्थिर व स्पष्ट दिसते.

या छायाचित्रात पुढचे पाय ताठ असून जमिनीत रोवल्यासारखे पुढे टेकलेले आहेत. मागचे पाय किंचित वाकलेले आहेत आणि धड मुलापासून दूर, भिंतीकडे कलले आहे. साखळी सैल लोंबत नसून मुलाच्या विरुद्ध दिशेला ताणलेली आहे. ज्याला सहवास हवा असतो तो कुत्रा त्या माणसाकडे झुकतो, अंग टेकवितो. येथे भार उलट बाजूला आहे. केवळ एवढ्यावरून कुत्र्याला अंतर हवे आहे असे म्हणण्यास बराच आधार मिळतो.

शेपटी खाली आहे, पण ती या जातीत असतेच. ती पायांमध्ये शिरलेली नसल्यामुळे तिच्यावरून काहीही ठरवू नये. तोंड बंद असून जिभेचे टोक नाकाला लागलेले आहे. समोर खाद्य असते तर ओठ चाटण्याचा अर्थ साधा होता. खाद्य नसताना, कोणी अंगावर आले असताना कुत्रा वारंवार नाक-ओठ चाटतो ते बहुधा अस्वस्थतेमुळे. नॉर्वेतील श्वानप्रशिक्षक टुरिड रुगास यांनी अशा खुणांना ‘शांत करणारे संकेत’ असे नाव दिले. तोंड फिरविणे, जांभई देणे, पुढचा एक पाय उचलून धरणे या खुणाही त्यांतच मोडतात. एकट्या जांभईचा अर्थ झोप आली असाही असू शकतो. इतर खुणांच्या संगतीत मात्र ती वेगळे सांगते.

आता डोळे. कुत्र्याने तोंड मुलापासून वळविले आहे, परंतु नजर मुलावरच आहे. त्यामुळे बुबुळाच्या एका कडेला पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसते. निवांत कुत्र्याच्या डोळ्यांत हा पांढरा भाग सहसा दिसत नाही. डोळे बदामी आकाराचे, पापण्या किंचित मिटलेल्या आणि कपाळ सपाट असते. चंद्रकोर दिसते याचा अर्थ डोके एका दिशेला व लक्ष दुसऱ्या दिशेला आहे, आणि मान वळवून सरळ पाहण्याइतकाही मोकळेपणा कुत्र्याला वाटत नाही. कानांचे मूळ डोक्यालगत मागे ओढलेले आहे, आणि कपाळावर व डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत.

शेवटी परिसर. कुत्र्याच्या मागे भिंत, समोर मूल आणि गळ्यात साखळी. निघून जाण्याची वाटच नाही. मोकळा कुत्रा नकोशा लगटीला उठून जाण्याने उत्तर देतो. बांधलेल्या कुत्र्याकडे गुरगुरणे, दात दाखविणे व अखेरीस चावणे एवढेच पर्याय उरतात.

आता झाकलेले मूल पुन्हा पाहावे. मानेभोवती हात, चेहऱ्याला चेहरा, वरून झुकलेले अंग. माणसांत ही मायेची पद्धत असली, तरी कुत्र्यांच्या आपापसांतील व्यवहारात मानेवर पकड व वरून दाब हा बहुधा जबरदस्तीचा भाग असतो. काही कुत्री घरच्या माणसांपुरती मिठी मान्य करायला शिकतात. सहन करणे आणि आवडणे यांतील फरक मात्र अशाच छायाचित्रांत दिसतो.

याच कुत्र्याचे दुसरे छायाचित्र मागविले, तेव्हा समजा असे दिसले : तो सावलीत एका कुशीवर कलून बसला आहे, मागचे दोन्ही पाय एका बाजूला सरकले आहेत, पाठीला वळण आहे, तोंड किंचित उघडे आहे आणि जीभ सैल आहे. शेपटी येथेही जमिनीवर पडलेली आहे, कानही खालीच आहेत. म्हणजे जे दोन अवयव सर्वांत आधी पाहिले जातात, ते दोन्ही चित्रांत जवळपास सारखेच आहेत. भार, तोंड, डोळे व पाठीची रेषा बदलली आहे. तणावाचा निष्कर्ष याच चार गोष्टींवर उभा आहे.

पशुपालकाला द्यायचे उत्तर त्यामुळे असे असेल : कुत्रा दुष्ट झालेला नाही. पहिल्या छायाचित्रात तो अंतर मागत आहे व ते त्याला मिळत नाही. शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळीही बहुधा हेच घडले असावे. बांधलेल्या कुत्र्याजवळ कोणतेही मूल एकटे जाऊ देऊ नये आणि मिठीचा प्रकार बंद करावा. कुत्र्याला हात लावून घ्यायचा असेल तर त्याने स्वतःहून जवळ येण्याची वाट पाहावी. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुर ही पूर्वसूचना आहे. मार खाऊन कुत्रा ती देणे सोडतो, पण त्यामागची अस्वस्थता तशीच राहते, आणि पुढच्या वेळी चावा सूचनेशिवाय येतो.

लहान मुलांना या खुणा आपोआप कळतील असे गृहीत धरू नये. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या कर्स्टिन माइंट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले व पालक यांच्यासमवेत केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कुत्र्यांच्या वर्तनाच्या ध्वनिचित्रफिती दाखवून कुत्रा काय सांगतो आहे हे विचारण्यात आले. प्रशिक्षणापूर्वी लहान मुले या खुणा वारंवार चुकीच्या वाचत होती, आणि दात विचकणारा कुत्रा त्यांच्यातील अनेकांना हसरा वाटत होता. हे लक्षात घेता, प्रचारपत्रिकांच्या मुखपृष्ठावर कुत्र्याला मिठी मारणाऱ्या मुलांची छायाचित्रे छापण्याची हौस विस्तार यंत्रणांनी सोडलेली बरी.

धापा, उन्हाळा आणि फसवी चित्रे

उघडे तोंड हा छायाचित्रातील सर्वांत फसवा भाग आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी घेतलेल्या छायाचित्रात लोंबती जीभ दिसली तर तिचा अर्थ प्रथम उष्णता असाच घ्यावा. तणावामुळेही कुत्रा धापा टाकतो. अशा वेळी ओठांचे कोपरे कानांच्या दिशेने लांब मागे ओढलेले दिसतात, गालावर उभ्या घड्या पडतात आणि डोळे विस्फारलेले असतात. थंड सकाळी, कोणतेही श्रम झालेले नसताना, असे तोंड दिसले तर संशय घेण्यास जागा आहे. वेळ, ऊन आणि त्याआधी कुत्रा धावला होता का, ही माहिती छायाचित्रात नसते. ती विचारूनच घ्यावी लागते. उन्हात बांधलेला कुत्रा जोरजोराने धापा टाकत असून त्याला नीट उभे राहता येत नसेल, तर तो प्रश्न देहबोलीचा नाही. त्याला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे व पशुवैद्यकास बोलवावे.

दात दिसत असतील तर ओठांचा कोपरा पाहावा. कोपरा पुढे आलेला, तोंडाचा आकार आखूड व गोल, नाकावर घड्या आणि भार पुढच्या पायांवर असेल तर कुत्रा चाल करण्याच्या पवित्र्यात आहे. कोपरा मागे ओढलेला, भार मागच्या पायांवर व कान चपटे असतील तर तो भीतीने दात दाखवीत आहे. चावा दोन्ही स्थितींत होऊ शकतो. भ्यालेल्या कुत्र्याला कोंडीत न धरता वाट दिली तर तो बहुधा निघून जातो.

दोन स्थिती स्थिर चित्रात जवळपास सारख्या दिसतात, म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख आवश्यक आहे. पुढचे पाय व छाती जमिनीला टेकलेली आणि मागचा भाग उंच, ही खेळायला बोलाविण्याची मुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. पोटात तीव्र वेदना असलेला कुत्राही नेमका असाच उभा राहतो. खेळकर कुत्र्याचे तोंड सैल व उघडे असते, नजर समोरच्या सोबत्याकडे असते आणि तो पुढच्याच क्षणी उडी मारतो. वेदनेतील कुत्र्याचे तोंड बंद, नजर शून्य व समोर कोणीही नसते, आणि तो त्याच स्थितीत बराच वेळ राहतो. हा ‘बराच वेळ’ छायाचित्रात येत नाही. म्हणून येथे चित्रफीत मागविण्याला पर्याय नाही.

शेपटीच्या हालचालीबद्दलही तेच. इटलीतील बारी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की मालकाला पाहून कुत्र्याची शेपटी त्याच्या उजवीकडे अधिक झुकत हलते, तर अनोळखी व वरचढ कुत्र्याला पाहून डावीकडे. एका क्षणाच्या चित्रात मात्र शेपटी एका बाजूला दिसली म्हणून त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण हलताना ती दोन्ही बाजूंना जातेच.

कॅमेराही आपल्या परीने चित्र बदलतो. भ्रमणध्वनी कुत्र्याच्या तोंडाजवळ नेला की नाक मोठे व डोळे विचित्र दिसतात, शिवाय डोक्यावर आलेल्या वस्तूमुळे कुत्रा खरोखरच बिचकतो. अशा वेळी चित्रात दिसणारा तणाव छायाचित्रकाराने निर्माण केलेला असतो. अंधारात फ्लॅश मारल्यास डोळे हिरवट चमकतात आणि बाहुलीच्या आकाराबद्दल काहीच सांगता येत नाही. काळ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरील घड्या कडक उन्हात हरवतात. जातीच्या नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्रांत तर कुत्र्याला दोरी ताणून, मान वर धरून उभे केलेले असते. ती शरीरमापासाठी उपयुक्त असली, तरी मनःस्थितीच्या वाचनाला निरुपयोगी होत.

उपयोगी छायाचित्र घेणे अवघड नाही. कुत्र्यापासून सुमारे तीन-चार मीटर अंतरावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, बाजूने चित्र घ्यावे. चारही पंजे व शेपटीचे टोक चौकटीत आले पाहिजे, आणि आसपासची माणसे, जनावरे, भांडी व दोरी कापून टाकू नयेत. कुत्र्याला हाक मारून, शिटी वाजवून त्याचे लक्ष वेधू नये. तसे केल्यास टवकारलेले कान व स्थिर नजर मिळते, नेहमीचा भाव नाही. काही सेकंदांच्या अंतराने तीन चित्रे आणि त्यासोबत पंधरा-वीस सेकंदांची चित्रफीत पाठविली तर पशुवैद्यकाला बरेच काम सोपे होते. तीनही चित्रांत तीच आखडलेली स्थिती असेल तर तिला वजन येते. एकाच चित्रात जिभेचे टोक नाकावर दिसले, तर तो पाणी पिऊन झाल्यावरचा क्षणही असू शकतो.

एवढे करूनही अनेकदा प्रामाणिक उत्तर ‘यावरून सांगता येत नाही’ हेच असते. ते द्यायला विस्तार कार्यकर्त्याने कचरू नये. विशेषतः शांत कुत्रा अचानक विनाकारण अंगावर येऊ लागला, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा चालताना तो झोकांड्या खाऊ लागला, तर छायाचित्र मागवीत बसू नये. अशा वेळी रेबीजची शक्यता गृहीत धरून माणसे व जनावरे त्याच्यापासून दूर ठेवावीत आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. कोणाला चावा अथवा ओरखडा झाला असल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करावी.